साहेबांबद्दल लिहायचंय, पण रडगाणं नको

*मी बेलापूरला एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. चार वर्षं झाली. राजीनामा दिलाय, वाशीला दुसरी नोकरी लागलीय, शेवटचा दिवस येत्या १० तारखेला. एचआरच्या मॅडमनी एक्झिट इंटरव्ह्यूची वेळ दिलीय, त्याआधी फॉर्म भरून मागितलाय. पगार थोडा वाढतोय हे खरं, पण मी जातेय ती आमच्या सरांमुळे. ठाण्याहून पनवेल गाडीत उभ्या उभ्या मोबाईलवर मनातलं सगळं लिहून काढलं, तर चार पानं झाली. रात्री वाचलं आणि माझं मलाच वाटलं, हे नुसतं रडगाणं आहे. खरं लिहिलं तर रिलीव्हिंग लेटर अडकवतील का? गुळमुळीत लिहिलं तर मागे राहिलेल्या दोघी ज्युनियर मुलींचे हाल तसेच चालू राहतील. फॉर्मवर ‘माहिती गोपनीय राहील’ असं छापलंय, पण आमची टीमच पाच जणांची. चारही पानं आणि अर्धवट भरलेला फॉर्म सोबत पाठवतेय. काय ठेवू, काय काढू? – एस. के., कळवा*

एस. के.,

तुमची चारही पानं वाचली. रडगाणं नाहीये ते. पण एचआरच्या टेबलावर जाऊन उपयोगी पडेल असंही ते अजून झालेलं नाही. हे असे फॉर्म मी एचआरच्या खुर्चीत बसून वाचलेत, म्हणून पलीकडच्या बाजूला त्यांचं काय होतं ते आधी सांगते.

मॅडम तुमचा फॉर्म वाचतील, तुमच्याशी अर्धा-पाऊण तास बोलतील आणि मग त्यांच्या शीटमध्ये तुमच्या नावापुढे दोन-तीन ओळी टाकतील. वरच्यांपर्यंत जातात त्या ओळी. तुमची पानं फाइलमध्येच राहतात. त्यामुळे चार पानांतून दोन ओळी निवडायचं काम तुम्ही नाही केलंत, तर मॅडम करतील. आणि घाईत असलेल्या माणसाला ‘मॅनेजरशी पटत नव्हतं’ एवढीच ओळ सुचते. तुमची चार वर्षं त्या तीन शब्दांत संपतात, आणि त्यातून कोणाला काही करता येत नाही.

दुसरी गोष्ट फॉर्मच्या अगदी वर आहे, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ‘नोकरी सोडण्याचं मुख्य कारण’ या रकान्यात एक पर्याय निवडायचा असतो. बऱ्याच कंपन्यांत वर्षाच्या शेवटी कोणी प्रत्येकाचा निबंध काढून वाचत नाही. कोणत्या टीममधून किती जण गेले आणि त्यांनी कारण काय निवडलं, एवढंच मोजलं जातं. तुम्ही तिथे ‘चांगली संधी’वर टिक केलीय आणि खाली चार पानं सरांवर लिहिलीत. म्हणजे मोजणीत तुम्ही पगारासाठी गेलात. तुमच्या जागी उद्या येणारी मुलगीही तसंच करेल, आणि टीम गळत राहिली तरी कागदावर सगळं आलबेल दिसेल. ‘रिपोर्टिंग मॅनेजर’ किंवा ‘कामाची पद्धत’ असा काही पर्याय असेल, तर तो निवडा. तसा पर्याय निवडून खाली सभ्य भाषेत आठ ओळी लिहिल्या, तर त्याचं वजन चार पानांहून जास्त पडतं.

आता त्या आठ ओळी.

तुमच्या लिखाणात मी मोजले तर निदान डझनभर मुद्दे निघतात: वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाकारलेली रजा, डब्याच्या वेळेवरून मारलेला टोमणा, एका मुलाला मिळणारी सूट, लांबलेलं प्रमोशन, शनिवारचे फोन. यातली एकही गोष्ट खोटी वाटत नाही. पण एवढं सगळं एकत्र आलं की वाचणारा हिशेब करायला लागतो, की हे आधी का नाही सांगितलं, मनात साठवून ठेवलं होतं का. त्यातून दोनच उचला: एसआयच्या, म्हणजे शिपिंग लाइनला द्यायच्या तपशिलाच्या, मंजुरीचं आणि व्हॉट्सॲप ग्रुपचं. हे दोन मुद्दे उद्याही चालू राहणार आहेत, तुमच्या पश्चात त्या दोघींच्या वाट्याला येणार आहेत, आणि कोणालाही नोकरीवरून न काढता बदलता येण्यासारखे आहेत. प्रमोशन हा तुमचा आणि कंपनीचा जुना हिशेब आहे, तो आता चुकता होणार नाही. डब्याचा टोमणा तर विसरूनच जा. रजेचं मला खरंच वाईट वाटलं, पण ती एकदाच घडलेली गोष्ट आहे. फॉर्ममध्ये आली की तिच्याभोवतीचं बाकी सगळं वैयक्तिक वाटायला लागेल.

पहिला मुद्दा तुम्ही असा लिहिलाय: ‘सर प्रत्येक गोष्टीत नाक खुपसतात, कोणावर काडीचा विश्वास नाही. त्यांच्यामुळे कंटेनर रोल होतात आणि खापर आमच्यावर फुटतं.’

यात काय घडलं ते कुठे आहे? एचआरच्या मॅडमना डॉक्युमेंटेशन कळत नाही हे धरून चाला. त्यांना आधी एका वाक्यात काम समजावून द्यावं लागेल: जहाजावर माल चढण्याआधी शिपिंग लाइनला त्याचा तपशील, म्हणजे एसआय, ठरलेल्या वेळेच्या आत द्यावा लागतो, त्यावरून लाइन बीएलचा, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या तिच्या कागदाचा, मसुदा बनवते. कट-ऑफ चुकला की कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो, आणि तोपर्यंत तो पडून राहिल्याचा खर्च कोणाच्या तरी माथी बसतो. एवढं कळलं की पुढचं वाक्य त्यांच्या डोक्यात आपोआप बसेल. मी हे असं लिहीन:

‘लाइनला एसआय पाठवण्याआधी प्रत्येक वेळी मॅनेजरची मेलवर मंजुरी घ्यावी लागते. ते मीटिंगमध्ये किंवा बाहेर असले तर ही मंजुरी दुसरं कोणी देऊ शकत नाही. जून आणि जुलैमध्ये माझ्या २ शिपमेंटचा एसआय मी दुपारी ३ च्या आत मंजुरीला पाठवला होता. कट-ऑफ संध्याकाळी ६ चा होता आणि उत्तर ७ नंतर आलं. दोन्ही कंटेनर पुढच्या जहाजावर गेले. एका ग्राहकाला स्टोरेजचा खर्च आपण भरून दिला. नेहमीच्या ग्राहकांच्या, आधीच्याच नमुन्यातल्या एसआयला सीनियर एक्झिक्युटिव्हने मंजुरी दिली तर हे टळू शकेल. नवीन ग्राहक आणि एलसीच्या, म्हणजे बँकेच्या हमीपत्रावर पैसे मिळणाऱ्या, शिपमेंट मॅनेजरकडेच असाव्यात.’

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलंय. सर सगळं स्वतःकडे का ठेवतात, याचं कारण तुमच्या तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहून गेला आहात: दोन वर्षांपूर्वी एलसीच्या एका बीएलमध्ये मालाचं वर्णन चुकलं, बँकेने डिस्क्रिपन्सी काढली, ग्राहकाचे पैसे अडकले आणि सरांना वर जाऊन उत्तर द्यावं लागलं. तेव्हापासून ही पद्धत सुरू झाली. एलसीत कागदांतला तपशील काटेकोरपणे जुळावा लागतो, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. चूक एवढीच की त्या एका धड्यावरून त्यांनी साध्या शिपमेंटनाही तोच नियम लावला. हे तुम्ही एका वाक्यात मान्य केलंत की तुमच्या लिखाणाचा सूर आपोआप बदलतो. सर वाईट आहेत असं न म्हणता, त्यांचा उपाय गरजेपेक्षा मोठा झालाय असं तुम्ही म्हणता. आणि मॅडम हे घेऊन त्यांच्याकडे गेल्याच, तर सरांना ‘बरं, एलसी सोडून बाकी द्या’ असं म्हणायला जागा राहते. माणसाला मागे सरकायला जागा ठेवली नाही, तर तो मागे सरकत नाही.

तुमच्या यादीत खरं तर ३ शिपमेंट होत्या. तिसरी, ऑगस्टमधली, मी काढली. तिच्यापुढे तुमच्याच हातचं लिहिलंय, ‘पार्टीचा इन्व्हॉइस ४ वाजता आला’. म्हणजे त्या दिवशी उशीर निम्मा पार्टीचा होता. मॅडम हा मुद्दा सरांकडे नेतील तेव्हा सर पहिल्यांदा तीच शिपमेंट बाहेर काढतील, आणि मग उरलेल्या दोन्हींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. राहिलेल्या दोन मेलच्या वेळाही आठवणीवर विसंबून लिहू नका. ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये जाऊन तुम्ही पाठवल्याची आणि उत्तर आल्याची वेळ बघा. ६:५० ला उत्तर आलं असेल तर ६:५० लिहा, ७ नंतर लिहू नका.

बघा म्हटलं, बाहेर पाठवा असं म्हटलं नाही. जाताना पुरावा म्हणून मेल स्वतःच्या खासगी आयडीवर फॉरवर्ड करायचा मोह बहुतेकांना होतो. नोटीस पीरियडमध्ये अशा मेलवर आयटीवाल्यांचं लक्ष असतं, आणि त्यात ग्राहकाची नावं आणि भाव असतात. मग चर्चा तुमच्या मॅनेजरची होत नाही, तुमची होते. बुकिंग नंबर आणि तारीख फॉर्ममध्ये टाका, बास. एचआरला हवं असेल तर ते काढून बघतील.

दुसऱ्या मुद्द्यावर तुम्ही लिहिलंय, ‘सर सगळ्यांसमोर अपमान करतात, माणुसकी नावाची गोष्ट नाही.’ मला हे वाचून कळलं की तुम्ही दुखावल्या आहात. नेमकं काय झालं ते कळायला मला चौथ्या पानापर्यंत जावं लागलं. चूक सापडली की पहिला मेसेज तुम्हाला येत नाही. तो ग्रुपवर तुमच्या नावासकट येतो, आणि त्या ग्रुपमध्ये सीएचएचा, म्हणजे कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटचा, माणूस आहे, ट्रान्सपोर्टरचे दोघं आहेत. म्हणजे बाहेरच्यांसमोर. हे तुम्ही वर आणायला हवं होतं, कारण कंपनीला यात तोटा दिसतो. आणि त्याच पानाच्या तळाशी, कंसात, सगळ्यात वजनदार वाक्य दडवून ठेवलंय: ‘जुलैमध्ये बीएलमधली एक चूक मला साडेअकराला दिसली होती, पण ग्रुपवर धुलाई होईल म्हणून मी ती लंचनंतर सांगितली.’

एस. के., एवढं एक वाक्य अपमान, माणुसकी वगैरे शंभर शब्दांपेक्षा जास्त सांगून जातं. लोक चुका दाबून ठेवायला लागले, असा त्याचा अर्थ. आणि कागदपत्रांच्या कामात चूक उशिरा कळणं म्हणजे दुरुस्तीचा खर्च. मसुद्याच्या टप्प्यावर जी दुरुस्ती फुकटात होते, तिला बीएल निघाल्यावर लाइन अमेंडमेंटचे पैसे लावते. पण स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचीही गरज नाही. तारखेसकट कबुलीजबाब नको. असं पुरे:

‘चूक झाली की त्याबद्दलचा पहिला मेसेज टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावासह येतो. या ग्रुपमध्ये सीएचए आणि ट्रान्सपोर्टरही आहेत. त्यामुळे चूक लगेच कळवण्याऐवजी आधी गुपचूप दुरुस्त करून बघण्याकडे कल होतो. माझ्याकडूनही असं झालं आहे. चूक आधी संबंधित व्यक्तीला फोनवर सांगावी आणि ग्रुप फक्त शिपमेंटच्या स्टेटससाठी ठेवावा, असं सुचवते.’

यात ‘अपमान’ हा शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला तो दिसतोच.

चार पानांतले आणखी काही शब्द मी पेन्सिलीने खोडले असते. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन आधी जातात, कारण ते खोटे ठरवायला एकच उदाहरण पुरतं. ‘मुद्दाम’ जातो, सरांच्या मनात काय होतं हे तुम्हाला माहीत नाही, तुम्हाला उत्तराची वेळ माहीत आहे. ‘आम्हा सगळ्यांना वाटतं’ हे तर आधी काढा. पाच जणांच्या टीममध्ये ‘आम्ही सगळे’ म्हणजे त्या दोघी मुलीच, आणि तुम्ही वाशीला गेल्यावर त्या तिथेच असणार. ज्या प्रसंगात तुम्ही स्वतः नव्हता, फक्त त्यांनी तुम्हाला सांगितलं, तो प्रसंग कितीही वाईट असला तरी तुमच्या फॉर्ममध्ये येऊ देऊ नका. तो कुठून आला हे सरांना एका मिनिटात कळेल. त्यांच्या बाजूने बोलायचं असेल तर दोन्ही मुद्द्यांतल्या सुचवण्याच त्यांच्या बाजूच्या आहेत.

एक चांगली गोष्टही लिहा, पण खोटी नको, आणि तोंडदेखली नको. ‘सर खूप अनुभवी आहेत’ म्हणजे काहीच नाही. तुमच्या पहिल्या पानावर आहे की रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात सरांनी स्वतः शेजारी बसून तुम्हाला शिपिंग बिलाची चेकलिस्ट ओळ न् ओळ तपासायला शिकवली. ते लिहा. नवीन माणसाला तयार करण्यात ते चांगले आहेत आणि तयार झालेल्या माणसाला मोकळं सोडण्यात कमी पडतात, हे निरीक्षण मला तुमच्या लिखाणातून मिळालं. तुम्ही ते लिहिलं नव्हतं. पटत असेल तर तुमच्या शब्दांत लिहा.

आता भीतीचं. गोपनीय या शब्दाचा अर्थ बहुतेक ठिकाणी एवढाच असतो की तुमचं नाव काढून मजकूर पुढे जातो. पाच जणांत नाव काढून उपयोग नाही, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. तेव्हा सर हे वाचणारच आहेत असं समजूनच लिहा. वरचे दोन्ही परिच्छेद मी तसेच लिहिलेत. ते उद्या सरांच्या हातात पडले तरी तुम्हाला एकही वाक्य नाकारावं लागणार नाही. मुलाखतीत बसल्याबरोबर मॅडमना सरळ विचारा: हा फॉर्म कोण कोण वाचतं, सरांपर्यंत माझे शब्द जातात की तुमचा सारांश, आणि कधी जातो? प्रामाणिक एचआर याचं उत्तर देते. ‘काळजी करू नका हो’ म्हणून विषय बदलला, तर दुसरा मुद्दा तोंडीही सांगू नका. पहिला मुद्दा, जो निव्वळ कामाचा आहे, तेवढा द्या आणि उठा.

रिलीव्हिंग लेटर एचआर देतं, सर देत नाहीत. सरांच्या हातात असतो तो हँडओव्हर आणि नो-ड्यूजवरचा होकार. म्हणून क्रम सांभाळा. आधी हँडओव्हरची शीट पूर्ण करा: कोणत्या शिपमेंट कोणत्या टप्प्यावर, कोणत्या पार्टीचे मूळ बीएल द्यायचे राहिले. ती सरांना मेल करा, त्यांचं ‘ओके’ मेलवरच घ्या. मग मुलाखत. मॅडमनी आधीची वेळ दिली असेल तर ‘हँडओव्हर आटोपतोय, शेवटच्या दोन दिवसांत ठेवूया का?’ असं विचारलं की कोणी नाही म्हणत नाही. पीएफची तर अजिबात काळजी करू नका. तो तुमच्या यूएएनवर आहे. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकायला टाळाटाळ केली, तरी शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर २ महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःला टाकता येते.

खरा धोका लेटरचा नाही, तोंडोतोंडी बोलण्याचा आहे. बेलापूर, वाशी आणि न्हावा शेवा इथलं फॉरवर्डिंगचं वर्तुळ लहान आहे. तुमचा सीएचए तुमच्या नव्या कंपनीचंही काम करत असेल. नवी कंपनी चौकशीसाठी जुन्या मॅनेजरला फोन लावते, तेव्हा समोरचा काय बोलतो यावर कोणाचा ताबा नसतो. म्हणून निरोपाच्या चहाच्या वेळी आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर काही नको. फॉर्ममध्ये काय लिहिलं हे त्या दोघींनाही सांगू नका. त्यांना माहीत नसेल तर त्यांना खोटं बोलावं लागणार नाही.

मुलाखतीत मॅडम बहुतेक हे विचारतील: ‘हे आधी का नाही सांगितलंस?’ बचाव करायला जाऊ नका. ‘मंजुरीबद्दल एकदा सरांशी बोलले होते, पुढे रेटलं नाही’ असं असेल तर तेवढंच सांगा, आणि तसं नसेल तर ‘मी सांगायला हवं होतं’ म्हणा. एका वाक्यात विषय संपतो. दुसरा प्रश्न येईल, ‘बाकीचे पण नाराज आहेत का गं?’ हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो आणि त्यातच माणूस घसरतो. ‘त्यांचं त्यांनाच विचारा ना मॅडम, मी माझ्यापुरतं सांगतेय.’ बोलता बोलता डोळे भरून आले तर येऊ देत, पाणी प्या. पण त्या क्षणी नवीन मुद्दा सुरू करू नका. रजेचा प्रसंग नेमका तेव्हाच तोंडातून बाहेर पडतो. आणि उठण्याआधी विचारा, ‘तुम्ही माझ्या नावापुढे काय लिहिताय ते एकदा वाचून दाखवता का?’ तिथे ‘मॅनेजरशी पटत नाही’ असं असलं, तर जागेवरच दुरुस्त करून घ्या: ‘एसआयच्या मंजुरीला पर्यायी माणूस नाही, असं लिहाल का?’ फॉर्म इंग्रजीत भरायचा असेल तर वरची वाक्यं आहेत तेवढीच छोटी ठेवून उतरवा. मोठं वाक्य करायला गेलं की विशेषणं शिरतात.

सरांना आधी सांगावं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण माझं मत आहे की पहिला मुद्दा सांगावा. हँडओव्हर देताना, दार बंद करून नाही, त्यांच्या टेबलाशी उभं राहून: ‘सर, जाताना एक सुचवू का? नेहमीच्या पार्ट्यांचे एसआय त्या दोघींपैकी सीनियरला पास करू दिलेत तर संध्याकाळची धावपळ वाचेल. जुलैमध्ये आपला कंटेनर त्यामुळेच राहिला होता. एचआरलाही मी हे कामाची सूचना म्हणून देतेय.’ सर तोंड वाकडं करतील कदाचित. पण मग फॉर्ममधली गोष्ट त्यांना पाठीमागून आलेली वाटत नाही. ग्रुपचा मुद्दा मात्र त्यांच्याशी बोलू नका. तो त्यांच्या स्वभावाला लागतो आणि तुमच्या हातात आठवडाभरही नाही.

हे सगळं धरून काय होईल? ग्रुपचं काही होईल असं मला वाटत नाही, निदान तुमच्या एकटीच्या सांगण्याने नाही. त्याच टीममधून आणखी कोणी गेलं आणि तेच लिहिलं, तर एचआर हलतं. मंजुरीचा नियम बदलायची शक्यता बरीच जास्त आहे, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि न बदलल्याने पैसे जातात.

तुमच्या पानांत नाही, पण इतरांसाठी सांगून ठेवते. वजन खोटं दाखवायला लावलं, कागदावर मागची तारीख टाकायला लावली, असलं काही असेल तर ती सूचना नाही, ती तक्रार आहे, आणि ती एक्झिट फॉर्मच्या आठ ओळींत बसत नाही; कंपनीत तक्रारीची जी वेगळी वाट असेल तिने, लेखी, पोच घेऊन जायला हवी. लैंगिक छळाचं असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे कंपनीच्या अंतर्गत समितीकडे, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. मुदत वाढवून मिळू शकते, पण त्यावर विसंबून राहू नये. एक्झिट इंटरव्ह्यूत सांगितलं म्हणजे तक्रार झाली, असं समजून बसलेल्या मुली मी पाहिल्यात.

राहिला फॉर्ममधला शेवटचा प्रश्न, जो तुम्ही रिकामा सोडलाय: ‘पुन्हा या कंपनीत काम कराल का?’ इथे मान राखायला ‘हो’ लिहू नका आणि रागाने ‘नाही’ही नको. पहिल्या पानावर तुम्ही इंपोर्टच्या टीमबद्दल, तिथल्या मॅडम दुपारी चारला स्वतः कट-ऑफची यादी घेऊन फिरतात त्याबद्दल, किती आपुलकीने लिहिलंय. तिथे जायला आवडलं असतं, असं मनात असेल तर तेच लिहा: ‘हो, इंपोर्ट टीममध्ये.’